कापडाची चुणी, कपाची गोलाई

ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांसाठी खाकी आणि हिरवट टी-शर्ट टांगलेले असतात. छातीवर वाघाच्या पंजाचा ठसा, खाली गावाचे किंवा होमस्टेचे नाव. शेजारी तोच ठसा असलेले पांढरे मग. हा माल दुकानात येण्याआधी एका चित्राच्या रूपाने कुणाच्या तरी मोबाइलवर येऊन गेलेला असतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली किंवा वडशाचा छपाईवाला कोऱ्या टी-शर्टच्या फोटोवर लोगो बसवतो, ‘असा दिसेल’ म्हणून पाठवतो आणि त्या एका चित्रावर पन्नास-शंभर नगांची ऑर्डर ठरते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी फ्रेम बनवावी लागते. त्यामुळे नमुन्यापुरता एकच शर्ट छापून दाखवणे बचत गटाला किंवा शाळेच्या क्रीडा विभागाला परवडत नाही. त्या चित्राला आपण मॉकअप म्हणतो. हे पुस्तक त्या चित्राबद्दल आहे.

या पुस्तकाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचे प्रत्येक प्रकरण त्यावरच उभे आहे. कोऱ्या वस्तूच्या फोटोत दोन प्रकारची माहिती एकमेकीत मिसळलेली असते. एक, पृष्ठभाग कुठे वर आला आहे, कुठे आत गेला आहे, कुठे वळला आहे, म्हणजे आकार. दुसरी, त्यावर उजेड कुठे किती पडला आहे; म्हणजे प्रकाश. लोगोला आकाराप्रमाणे वाकवायचे असते आणि प्रकाशाप्रमाणे उजळ-काळे करायचे असते. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांसाठी एकाच फोटोचे दोनदा, दोन वेगळ्या पद्धतींनी वाचन करावे लागते. मॉकअप फसतो तेव्हा बहुतेक वेळा एका वाचनाची गोष्ट दुसऱ्यात शिरलेली असते.

या विभागणीचा इतिहास १९७०च्या दशकापर्यंत मागे जातो. १९७४ साली युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात एडविन कॅटमल यांनी वक्र पृष्ठभागावर सपाट चित्र कसे गुंडाळायचे ते दाखवले. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, जेम्स ब्लिन यांनी उलट बाजूने विचार केला. पृष्ठभाग तसूभरही न हलवता, केवळ त्यावरच्या प्रकाशाचा हिशेब बदलून, त्यांनी तो सुरकुतलेला भासवला. कॅटमल यांचे काम आकाराचे, ब्लिन यांचे प्रकाशाचे. टी-शर्टवर लोगो बसवणारा माणूस नकळत या दोघांचे काम एकाच बैठकीत करत असतो.

आधी मग घेऊ, कारण त्याचा आकार मोजता येतो. बाजारात सर्रास मिळणारा अकरा औंसांचा पांढरा मग साधारण ८२ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे त्रिज्या ४१ मिमी. त्यावर ८० मिमी रुंदीचा लोगो छापायचा आहे असे धरू. कागदावर तो ८० मिमी दिसतो. मगावर मात्र त्याच्या कडा आपल्यापासून दूर वळतात. मगाच्या मध्यरेषेपासून पृष्ठभागावर मोजलेले अंतर s असेल, तर समोरून दिसणारे अंतर असे येते:

```
x = R × sin(s / R)
```

इथे R ही त्रिज्या आहे आणि कोन रेडियनमध्ये घ्यायचा. s = ४० ठेवले की x जवळजवळ ३४ येतो. म्हणजे ८० मिमीचा लोगो समोरून ६८ मिमीच दिसतो. खरी गंमत त्यापुढे आहे, कारण हा संकोच सगळीकडे सारखा नसतो. मधले पहिले १० मिमी ९.९ मिमी दिसतात, म्हणजे जवळपास जसेच्या तसे. कडेचे शेवटचे १० मिमी मात्र साडेसहा मिमीच्या आसपास उरतात. ‘ताडोबा’ हा शब्द मगावर नीट बसला असेल, तर त्यातले ‘डो’ भरदार दिसते आणि दोन्ही टोकांचे ‘ता’ व ‘बा’ अरुंद दिसतात.

नवशिक्या हाताची चूक नेमकी इथेच दिसते. तो फोटोशॉपच्या वार्पमधला आर्क पर्याय निवडतो आणि लोगोला कमानीसारखा वाक देतो. वाक येतो, पण अक्षरे कडेला अरुंद होत नाहीत. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी त्याला तो लोगो मगावर छापलेला वाटत नाही. मगासमोर धरलेल्या वाकड्या पट्टीसारखा वाटतो. उपाय सोपा आहे. आधी वरच्या सूत्राप्रमाणे आडवा संकोच द्यायचा आणि मग वाक. ज्या प्रोग्रॅममध्ये सिलिंडरवर चित्र गुंडाळण्याची सोय आहे, तिथे हा संकोच आपोआप मिळतो.

वाक किती द्यायचा, हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरते. कॅमेरा मगाच्या मध्याच्या बरोबर समोर असेल, तर लोगोची आडवी रेष जवळपास सरळच राहते. कॅमेरा १५ अंश वरून बघत असेल, तर वरच्या उदाहरणात लोगोची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा साधारण ४.७ मिमी वर चढलेली दिसतात. रेष खाली झुकलेल्या झोपाळ्याच्या दोरीसारखी दिसते. कॅमेरा जवळ असेल, तर मगाच्या तळाकडची रेष काठाकडच्या रेषेपेक्षा जास्त गोल दिसते, कारण तळाकडे आपण अधिक तिरके बघत असतो. म्हणून लोगोच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकच वाक देऊन भागत नाही. फोटोतला मगाचा काठ आणि तळ हे दोन वक्र आपल्यासमोर असतात. लोगोची वरची कड पहिल्याच्या जवळ जाणारी हवी, खालची दुसऱ्याच्या.

हे सगळे सरळ उभ्या मगासाठी झाले. भद्रावतीत ग्रामोदय संघामुळे कुंभारकामाची परंपरा आहे. तिथल्या चाकावर घडलेल्या कपासारख्या भांड्यावर लोगो दाखवायचा असेल, तर हे सूत्र अपुरे पडते. भांडे वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर ते शंकूचा तुकडा असते. त्याचा पृष्ठभाग उलगडला तर आयत मिळत नाही, वाकडी पट्टी मिळते. म्हणून मुळातला लोगोही त्या पट्टीच्या कमानीत मांडावा लागतो. हाताने घडलेल्या भांड्याची त्रिज्या उंचीप्रमाणे थोडी थोडी बदलते, त्यामुळे तिथे सूत्रापेक्षा मोजलेले जाळे कामी येते. ते कसे घ्यायचे ते शेवटी सांगतो.

मगावरच्या प्रकाशात लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. सब्लिमेशन पद्धतीत शाई १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वायुरूप होते आणि मगावरच्या पॉलिमरच्या थरात शिरते. चकाकी त्या थराची असते, शाईची नसते. म्हणून खिडकीचे पांढरे प्रतिबिंब लोगोच्या कडेशी थांबत नाही, लोगोवरूनही तसेच पुढे जाते. मॉकअपमध्ये लोगोचा थर त्या चकाकीच्या वर बसला, तर चकाकी लोगोखाली गडप होते आणि तो स्टिकर दिसतो. चकाकीचा भाग फोटोतून वेगळा काढून लोगोच्या वर स्क्रीन मोडमध्ये ठेवला की हा दोष जातो. झिलई न केलेल्या मातीच्या भांड्यावर अशी चकाकी नसतेच. तिथे ती घातली तर तेही खोटे ठरते.

आता सुती टी-शर्ट. इथे सूत्र नाही. चुण्या प्रत्येक फोटोत वेगळ्या पडतात, म्हणून आकार फोटोतूनच वाचावा लागतो. त्याची रूढ पद्धत डिस्प्लेसमेंट मॅपची. शर्टच्या फोटोची करड्या छटांची प्रत काढून ती वेगळी psd फाइल म्हणून ठेवायची, लोगोच्या थरावर `Filter > Distort > Displace` चालवायचे आणि ती फाइल दाखवायची. फोटोशॉप त्या फाइलमधला प्रत्येक बिंदू वाचतो. करडेपणा १२८ असेल तर लोगोचा तो बिंदू जागेवर राहतो. त्याहून काळा असेल तर तो एका बाजूला सरकतो, उजळ असेल तर दुसऱ्या बाजूला. स्केल १०० ठेवले तर सर्वांत मोठे सरकणे १२८ पिक्सेलचे होते. १० ठेवले तर जेमतेम तेरा पिक्सेलचे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. खाकी टी-शर्ट, फोटोत छातीची रुंदी ५० सेंमी आणि ती २००० पिक्सेलमध्ये मावली आहे, म्हणजे एका सेंमीला ४० पिक्सेल. लोगो २५ सेंमी रुंद, म्हणजे १००० पिक्सेल. होजियरी कापडाची वीण इथे तीनेक पिक्सेलची भरते. चुण्या एक ते तीन सेंमी रुंद, म्हणजे ४० ते १२० पिक्सेलच्या. करडी प्रत तशीच वापरली, तर लोगोची कड विणीच्या प्रत्येक टाक्यावर थरथरते आणि अक्षरे किडलेली दिसतात. म्हणून त्या प्रतीला आठ-दहा पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्यायचा. वीण पुसली जाते, चुणी टिकते. विणीला आकारात स्थान नाही. ती पुढे फक्त प्रकाशात येणार आहे. ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवलेली वाट हीच: बारीक उठाव उजेडाने दाखवायचा, रेषा हलवून नाही.

पुढचा दोष खाकी शर्टावर हमखास येतो. फिल्टर चालवला आणि अख्खा लोगोच तिरका सरकून बसला. कारण असे की खाकी कापड गडद असते. त्याच्या करड्या प्रतीची सरासरी ८०च्या आसपास असते, १२८ नव्हे. स्केल १० असताना प्रत्येक बिंदू जवळपास पाच पिक्सेल एकाच बाजूला जातो आणि त्यावर चुण्यांचे खरे सरकणे चढते. लेव्हल्सने त्या प्रतीची सरासरी १२८च्या जवळ आणून ठेवली की लोगो जागेवर राहतो आणि केवळ चुण्यांपाशी हलतो. करड्या फाइलला एकच चॅनल असल्याने आडवे आणि उभे सरकणे एकाच छटेवरून ठरते. दोन्ही स्केल सारखे ठेवले तर सगळे तिरपे सरकते. म्हणून चुण्या उभ्या असतील तर उभे स्केल शून्याजवळ ठेवावे.

आता या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाकडे येतो, कारण जंगलपट्ट्यातला छपाईवाला त्यावरच हमखास अडखळतो. ही पद्धत मानते की काळे म्हणजे खोल आणि उजळ म्हणजे उंच. चुणीपुरते ते बऱ्यापैकी खरे ठरते. पण ग्राहकाला जंगलाचे वातावरण हवे असते. म्हणून शर्ट मोहाच्या किंवा सागाच्या झाडाखाली, पानांतून झिरपणाऱ्या उन्हात टांगून फोटो काढला जातो. शर्टवर कवडसे पडतात. कापड तिथे अगदी सपाट असते, तरी मॅप प्रत्येक कवडशाला टेकडी मानतो आणि प्रत्येक पानाच्या सावलीला खड्डा. ‘ताडोबा’ची शिरोरेखा सपाट कापडावर नागमोडी होते. बरोबर उलट, सावलीतल्या खऱ्या चुणीवर ती सरळच जाते, कारण तिथे छटांचा फरकच उरत नाही.

बर्थोल्ड हॉर्न यांनी १९७० साली एमआयटीत छायेवरून आकार ओळखण्याचा प्रश्न गणिताने मांडला, तेव्हा त्यांना दोन गोष्टी गृहीत धराव्या लागल्या: पृष्ठभाग एकाच रंगाचा असावा आणि प्रकाश कुठून येतो हे माहीत असावे. कवडशांच्या फोटोत दुसरी गोष्ट हाती नसते. छापील किंवा चौकडीच्या कापडात पहिली नसते. एका फोटोतून आकार, प्रकाश आणि पृष्ठभागाचा मूळ रंग सुटे करण्याचा प्रश्न १९७८ मध्ये बॅरो आणि टेनेनबॉम यांनी मांडला. सर्वसाधारण फोटोसाठी त्याचे पक्के उत्तर मिळत नाही, कारण वेगवेगळ्या आकार-प्रकाशांच्या जोड्या एकच फोटो देऊ शकतात. म्हणून उपाय प्रोग्रॅममध्ये शोधण्यापेक्षा फोटो काढतानाच करणे शहाणपणाचे. शर्ट व्हरांड्याच्या सावलीत, एका बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात टांगून त्याचा एक फोटो काढायचा, हा आकाराचा. शर्ट आणि कॅमेरा यांना धक्का न लावता खऱ्या जागेचा फोटो मिळत असेल, तर तो दुसरा; हा प्रकाशाचा. ते शक्य नसेल, तर कवडशांच्या फोटोत चुण्यांच्या रेषा हाताने रंगवून स्वतःचा मॅप बनवावा. त्याला वेळ लागतो, पण त्यात कवडसे शिरत नाहीत.

आता प्रकाशाचे वाचन. पांढऱ्या शर्टवर गडद लोगो असेल, तर थर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवला की सावल्या आपोआप लोगोवर उतरतात. कारण तिथे दोन थरांच्या मूल्यांचा गुणाकार होऊन २५५ने भागाकार होतो, आणि पांढरे कापड म्हणजे जवळपास २५५. पण खाकी शर्टवर पांढरा पंजा ठेवून हाच मोड लावला तर पंजा दिसेनासा होतो. पांढऱ्याला खाकीने गुणले की खाकीच मिळते. ताडोब्याकडे विकला जाणारा माल बहुतेक याच जोडीचा असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे रोज पडतो.

उत्तर असे. लोगोला कापडाचा रंग द्यायचा नाही, फक्त कापडावरची सावली द्यायची. सपाट, नीट उजळलेल्या जागी कापडाचे मूल्य ९० आहे आणि चुणीच्या पोटात ६०. म्हणजे तिथे उजेड दोन-तृतीयांश उरला. कापडाची करडी प्रत घेऊन लेव्हल्समध्ये शुभ्र बिंदू ९०वर आणला, की ९०चे २५५ होते आणि ६०चे १७०. ही प्रत लोगोला क्लिप करून मल्टिप्लायमध्ये त्याच्या वर ठेवली, की २३५ मूल्याचा पांढरा पंजा चुणीच्या पोटात १५७ होतो. तोही दोन-तृतीयांश. कापड आणि लोगो आता एकाच प्रमाणात काळे होतात आणि लोगो कापडावर बसतो. या प्रतीला ब्लर द्यायचा नाही. वीण इथे हवी.

विणीचे प्रमाण मात्र छपाईवर ठरते. पाण्याच्या शाईची छपाई कापडात मुरते, तिच्यात वीण स्पष्ट दिसते. प्लास्टिसॉल शाई वर बसते आणि वीण थोडी झाकते. डीटीएफ म्हणजे फिल्मवरून उष्णतेने चिकटवलेला थर. त्यात वीण जवळपास दिसत नाही आणि हलकी चमक असते. सब्लिमेशन सुती कापडावर टिकत नाही, त्याला पॉलिएस्टर लागते. म्हणून शुद्ध सुती शर्टच्या मॉकअपमध्ये लोगो सब्लिमेशनसारखा कापडात विरघळलेला दाखवला आणि प्रत्यक्षात डीटीएफ केले, तर ग्राहकाच्या हाती वेगळीच वस्तू पडते. मॉकअप करण्याआधी छपाईची पद्धत विचारणे हा या कामाचाच भाग आहे.

एक मर्यादा सगळ्याच पद्धतींना लागू आहे. सरकवणे म्हणजे झाकणे नव्हे. काखेजवळ कापड दुमडून स्वतःवरच आले असेल, तर लोगोचा काही भाग दुमडीखाली जायला हवा. डिस्प्लेस तो भाग फक्त हलवतो, लपवत नाही. तिथे मास्क करून लोगो हाताने कापावा लागतो, आणि दुमडीच्या दोन बाजूंची अक्षरे थोडी तुटलेली दिसली तर ती तशीच ठेवावी लागतात.

हे सगळे नीट झाले की नाही हे ओळखायला लोगो फारसा उपयोगी नसतो, कारण पंजाची रेषा मुळातच वाकडी असते. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण जाळ्याचे आहे. लोगोच्या जागी एक सेंमीच्या चौकटींचे काळे-पांढरे जाळे ठेवा आणि सगळ्या पायऱ्या त्यावर चालवा. मगावर कडेच्या चौकटी अरुंद होतात का, सपाट कापडावर रेषा सरळ राहतात का, चुणीवर वळतात का, हे एका नजरेत कळते. मग तेच जाळे एकदा खरोखर छापून घ्या, त्याच उजेडात फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हाताने घडवलेल्या भांड्यावर जाळे छापता येत नसेल, तर पेन्सिलने ओढा. त्या फोटोतल्या रेषांवरूनच लोगोचे कोपरे ओढता येतात.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: जाळे, मग, भांडे, हलका शर्ट, गडद शर्ट, दुमड, आणि शेवटी छपाईशी मेळ. संगणकाचा वेग किंवा प्रोग्रॅमची आवृत्ती यांवर फारसे काही अवलंबून नाही. जिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही डिस्प्लेस, ब्लर, लेव्हल्स आणि मल्टिप्लाय आहेत आणि हे सगळे धडे त्यातही करता येतात. वाचकाने फक्त प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारावा: आत्ता मी आकार वाचतो आहे की प्रकाश? या प्रश्नाचे उत्तर ज्याला नेहमी देता येते, त्याने पाठवलेल्या चित्रावर होमस्टेवाला निर्धास्तपणे ऑर्डर देऊ शकतो, कारण छापून आलेला शर्ट त्या चित्रासारखाच असतो.